‘आज कोणता वार?’ : मुंबईतल्या घरात वार, महिने आणि ऋतूंचा तक्ता

मूल साडेतीन-चार वर्षांचं झालं की घरातलं कुणीतरी त्याला सोमवार-मंगळवार म्हणायला शिकवतं. थोड्याच दिवसांत मूल सातही वार घडाघडा म्हणतं. मग त्याला विचारावं, ‘आज कोणता वार?’ तर ते तोंडाकडे बघत राहतं किंवा पुन्हा सोमवारपासून सुरू करतं. नावं पाठ झालेली असतात, पण त्यांचा आजच्या दिवसाशी संबंध लागलेला नसतो. तो लावण्यासाठी भिंतीवरचा एक साधा तक्ता आणि रोजची पाच मिनिटं पुरतात. आमच्या घरी लेकीसाठी हे केलं, नंतर इमारतीतल्या दोन घरांत करून दिलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा गोंधळ टळावा म्हणून सगळं क्रमाने लिहीत आहे.

१. आधी फक्त वार, बाकीचं नंतर

दुकानातल्या तयार तक्त्यावर वार, महिने, ऋतू, तारीख, हवामान, कधीकधी घड्याळसुद्धा एकत्र असतं. तो घेऊ नका. वार दर सात दिवसांनी परत येतो, त्यामुळे एका महिन्यात मुलाला बुधवार चार-पाच वेळा भेटतो. जून मात्र वर्षातून एकदाच येतो. चार वर्षांच्या मुलाने पाहिलेले जून बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला जेमतेम एखादा त्याच्या लक्षात असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेगाने शिकता येत नाहीत.

म्हणून आधी वारांची पट्टी लावा. ती अंगवळणी पडली, म्हणजे मूल न सांगता सकाळी तिच्याकडे जाऊ लागलं, की शेजारी महिन्यांचं चाक लावा. त्याला दोन महिने लागोत की चार, घाई नको. हवेची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करा, कारण ऋतू त्या नोंदींतूनच उभे राहणार आहेत.

२. सामान

- जाड कार्डशीट, दोन मोठी. एक वारांसाठी, एक वर्षाच्या चाकासाठी.
- लाकडी चिमटे, कागद अडकवायचे छोटे.
- स्केचपेन किंवा क्रेयॉन, सात वेगळे रंग.
- गोल टिकल्या (स्टिकर) तीन रंगांत: पिवळ्या, करड्या, निळ्या.
- महिन्याची मोठ्या चौकटींची दिनदर्शिका. ही घरात असतेच.
- जाड दोरा आणि भिंतीला एक खिळा किंवा हूक.

तक्ता लिहून झाला की झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून घ्या. मुंबईत हे खरंच गरजेचं आहे. जून लागला की दमट हवेने कार्डशीट नरम पडते, कोपरे वळतात आणि दुतर्फी टेप रंगाचे पोपडे घेऊन निघते. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर तिथे काहीच लावू नका. आतली भिंत किंवा कपाटाचं दार बरं, आणि तिथेही चिकटवण्यापेक्षा दोऱ्याने टांगलेलं टिकतं.

उंची मुलाच्या डोळ्यांची धरा. चार वर्षांच्या मुलासाठी तक्त्याचा मध्य जमिनीपासून साधारण तीन फुटांवर येतो. मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला तक्ता मोठेच वाचतात. मुलाचा हात चिमट्यापर्यंत पोहोचला पाहिजे, कारण चिमटा त्यानेच हलवायचा आहे.

३. वारांची पट्टी आणि प्रत्येक वाराची खूण

सात चौकटी एका रांगेत, डावीकडून उजवीकडे. सोमवारपासून सुरू करा, म्हणजे शनिवार-रविवार शेवटी शेजारी-शेजारी येतात आणि ‘शाळेचे दिवस’ सलग दिसतात. रविवारपासून केलं तरी चुकीचं नाही, पण एकदा ठरलं की बदलू नका.

इथे एक अडचण हमखास येते. आपल्या बऱ्याच मराठी दिनदर्शिकांत वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. शाळेतल्या कॅलेंडरवर वार वर आडवे असतात. मूल दोन्ही पाहतं आणि ‘पुढचा दिवस’ कुठल्या बाजूला, हे त्याला कळेनासं होतं. हवेची नोंद करायला दिनदर्शिका घ्याल तेव्हा ती तुमच्या पट्टीसारखीच आडव्या रांगांची बघून घ्या.

आता खुणा. प्रत्येक वाराला असं एक चित्र हवं, जे तुमच्या घरात त्या वारी दर आठवड्याला खरोखर घडतं. मराठी घरांत अशा खुणा शोधाव्या लागत नाहीत. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे किंवा मटण, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार नाही, हे कितीतरी घरांत ठरलेलं असतं. कुणाकडे मंगळवारी आजी सिद्धिविनायकाला जाते. कुणाकडे शनिवारी डोक्याला तेल आणि रविवारी न्हाणं. शाळेत पीटीच्या गणवेशाचा वार असतो.

आमच्या पट्टीवर असं होतं:

- सोमवार: शाळेचं दप्तर
- मंगळवार: आजीची फुलांची परडी
- बुधवार: मासा
- गुरुवार: पीटीचे पांढरे बूट
- शुक्रवार: ग्रंथालयाची पिशवी
- शनिवार: तेलाची बाटली
- रविवार: बाबा घरी

यात शुक्रवारची खूण आम्ही मुद्दाम तयार केली. त्या वारी वेगळं काही घडतच नव्हतं, म्हणून जवळच्या ग्रंथालयातून चित्रांचं पुस्तक बदलून आणायचं ठरवलं. तुमच्याकडे एखादा वार असा रिकामा असेल तर कुंड्यांना खत घालणं, पलंगपोस बदलणं, गावच्या आजोबांना फोन करणं, असं काहीही ठरवा. मात्र ते दर आठवड्याला निभावलं पाहिजे. ‘शुक्रवारी बाग’ लिहिलं आणि तीन शुक्रवार गेलोच नाही, तर मुलाच्या लेखी ते चित्र नुसतं चित्र राहतं.

प्रत्येक चौकटीला एक रंग द्या आणि वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. मुलाला वाचता येत नसलं तरी लिहा. ते आधी रंग आणि चित्रावरून ओळखेल, अक्षरं मागाहून येतील.

४. सकाळी चिमटा, रात्री ‘उद्या’

सकाळी दात घासून झाले की दुधाच्या आधी तक्त्यासमोर उभं राहायचं. मुलाने चिमटा कालच्या चौकटीवरून काढून आजच्या चौकटीवर लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं, ‘आज बुधवार.’ मग दिनदर्शिकेत आजच्या चौकटीत खिडकीतून बघून टिकली: ऊन असेल तर पिवळी, नुसते ढग असतील तर करडी, पाऊस असेल तर निळी. दिवसात हवा पालटली आणि मुलाने हट्ट केला, तर संध्याकाळी दुसरी टिकली शेजारी लावू द्या.

चिमटा रात्री हलवू नका. घाईच्या घरांत ‘सकाळी वेळ नाही, आताच हलवून ठेवू’ असं होतं. मुलासाठी दिवस झोपून उठल्यावर बदलतो. झोपायच्या आधीच चिमटा पुढे गेला तर आज आणि उद्या यांची सरमिसळ होते.

रात्री अंथरुणात फक्त एक प्रश्न: ‘उद्या कोणता वार? उद्या काय आहे?’ उत्तर आलं नाही तर आपणच सांगायचं, ‘उद्या गुरुवार, पांढरे बूट.’ पहिले दोन आठवडे हेच. काल आत आणायची घाई करू नका. या वयात मुलं झालेल्या कुठल्याही गोष्टीला ‘काल’ म्हणतात. गणपतीत मामाकडे गेलो होतो, तेही काल. हे त्या वयाला साजेसं आहे. त्याला टोकू नका, आपण बरोबर वाक्य म्हणून पुढे जा: ‘हो, गणपतीत गेलो होतो ना मामाकडे.’

‘परवा’ हा शब्द मात्र तक्त्यापाशी अजिबात वापरू नका. तो आपण मागच्यालाही वापरतो आणि पुढच्यालाही. मोठ्यांना संदर्भावरून कळतो, मुलाला कळत नाही. त्याऐवजी रात्री मोजा. ‘आत्याकडे कधी जायचं?’ याला उत्तर: ‘तीन रात्री झोपलीस की.’ असं म्हणताना आजच्या चौकटीवरून बोट तीन घरं पुढे न्या. बोट जिथे थांबेल, तो वार.

५. एक आठवडा: सुट्टी म्हणजे रविवार नव्हे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक एका आठवड्याच्या उदाहरणाने सांगते. जुलैचा महिना, सोमवार ते बुधवार सगळं सुरळीत. चिमटा हलतो, निळ्या टिकल्या लागतात, बुधवारी मासे होतात. मासे बर्फातले किंवा खाडीचे, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बुधवारी रात्री ‘उद्या गुरुवार, पांढरे बूट’ म्हणून मूल झोपतं.

रात्रभर धो-धो पाऊस कोसळतो आणि सकाळी शाळेला सुट्टी जाहीर होते. मूल तक्त्यापाशी जातं आणि चिमटा थेट रविवारवर लावतं. आजी सांगते, ‘अगं, आज गुरुवार.’ मूल रडवेलं होतं: ‘शाळा नाही, म्हणजे रविवारच!’

मुलाचा तर्क चोख आहे. आपणच त्याला सांगितलेलं असतं की रविवारी शाळा नसते. त्याने ते उलट फिरवलं, इतकंच. म्हणून ‘चुकलं’ असं न म्हणता दोन गोष्टी करा. पहिली: बुधवारच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणा, ‘इथून एकदा झोपलो, म्हणजे एकच घर पुढे.’ चिमटा दर सकाळी एकच घर सरकतो, मग शाळा असो वा नसो. हा नियम मुलाला पटकन पटतो, कारण तो सोंगट्यांच्या खेळासारखा आहे. दुसरी: ‘सुट्टी’ लिहिलेलं एक छोटं सुटं कार्ड आधीच करून ठेवा आणि ते गुरुवारच्या चौकटीवर, पांढऱ्या बुटांच्या चित्रावर लावा. चौकट गुरुवारचीच राहते, बूट तेवढे झाकले जातात.

शुक्रवारी ते कार्ड काढायचं. मग रविवार येतो, बाबा घरी असतात, आणि मुलाला दिसतं की रविवार वेगळा आणि सुट्टी वेगळी. १५ ऑगस्ट, ईद, दिवाळी, प्रत्येक वेळी तेच कार्ड कामाला येतं. असंच एक कार्ड ‘आजारी’ लिहिलेलंही ठेवा.

बाबांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसेल, किंवा आईची पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर ‘बाबा घरी’ ही वाराची खूण करू नका. ते वेगळ्या कार्डावर घ्या आणि ज्या दिवशी असेल त्या दिवशी लावा.

६. महिन्यांचं चाक

महिने रांगेत लावले की डिसेंबरनंतर भिंत संपते. म्हणून महिने गोलात घ्या. ताटाएवढं वर्तुळ, त्याचे बारा भाग, मध्ये पुठ्ठ्याचा एक काटा. जानेवारी सगळ्यात वर आणि पुढचे महिने घड्याळाच्या दिशेने. काटा महिन्यातून एकदाच, एक तारखेला सकाळी हलवायचा. त्या दिवशी दिनदर्शिकेचं पान मुलाच्या हातून उलटू द्या.

मधल्या काळात रोज महिन्याचं नाव विचारू नका. फक्त सकाळच्या वाक्याला शेपूट जोडा: ‘आज बुधवार, महिना जुलै.’

महिन्यांच्या खुणा दोन प्रकारच्या असतात आणि इथे बहुतेकांचा तक्ता बिघडतो. काही दिवस इंग्रजी तारखेला पक्के असतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २५ डिसेंबर, घरातल्यांचे वाढदिवस. संक्रांतही यातच घ्या, ती सूर्यावर ठरते आणि १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. ही चित्रं चाकावर कायमची काढली तरी चालतात.

बाकीचे सण सरकतात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. दिवाळी २०२५ मध्ये ऑक्टोबरात आली, २०२६ मध्ये नोव्हेंबरात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी छोटं असतं, म्हणून सण मागे मागे येतात आणि अधिक महिना पडला की पुन्हा पुढे जातात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. ईद तर फिरत फिरत वर्षाच्या सगळ्या महिन्यांतून जाते. हे कारण मुलाला सांगायची गरज नाही, पण आपल्याला माहीत हवं. सप्टेंबरवर गणपती पक्का चिकटवून ठेवला आणि गणपती ऑगस्टमध्ये आले, तर मूल चाकावर विश्वास ठेवणं सोडतं. होळी, पाडवा, आषाढी, गणपती, दिवाळी, ईद यांची कार्डं चिमट्याने लावा आणि दरवर्षी नवी दिनदर्शिका आली की मुलाला बरोबर घेऊन त्यांच्या जागा ठरवा. आमच्याकडे हा पहिल्या जानेवारीचा कार्यक्रमच झाला आहे.

चैत्र-वैशाखाची नावं या वयात या चाकावर नकोत. आजीने बोलता बोलता श्रावण म्हटलं तर म्हणू दे, कानावर पडलेलं वाया जात नाही.

७. ऋतू आपल्या खिडकीतले

बाजारातल्या तक्त्यांवर हिवाळा म्हणजे बर्फ आणि लोकरी टोपी असते, आणि शिवाय गळणाऱ्या पिवळ्या पानांचा एक ऋतू असतो. मुंबईतल्या मुलाला यातलं काही दिसत नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटते, दुपारी पुन्हा पंखा लागतो. तेवढाच हिवाळा खरा माना आणि तोच दाखवा.

चाकाच्या मागे तीन रंग भरा: मार्च ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा. ऑक्टोबरला दोन रंगांचे पट्टे द्या. पाऊस सरत आलेला असतो आणि घामाने जीव नकोसा होतो. मुलाने ‘आता परत उन्हाळा आला का?’ असं विचारलं तर ते बरोबरच निरीक्षण आहे.

रंग भरण्याआधी टिकल्या मोजा. महिना संपला की मुलाला बसवून पिवळ्या किती, निळ्या किती ते मोजायला लावा. एप्रिलचं पान जवळजवळ सगळं पिवळं, जुलैचं बहुतेक निळं. दोन पानं जमिनीवर शेजारी ठेवली की पावसाळा म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. एकदा पाऊस पडला म्हणजे पावसाळा नव्हे, हेही यातूनच कळतं. नोव्हेंबरच्या पिवळ्या पानात एखादी निळी टिकली असते, तिला अवकाळी म्हणायचं.

सीमारेषा तारखेला घट्ट बांधू नका. मोसमी पाऊस मुंबईत यायची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. त्या वर्षी मुलाने मेमध्येच निळा रंग भरायचा म्हटलं, तर मेच्या भागाची कड निळी करू द्या.

ऋतू शिकवायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे फळवाल्याची गाडी. एप्रिल-मेमध्ये हापूस, पाऊस तोंडावर आला की जांभळं, पावसात भाजलेलं कणीस, पाऊस ओसरला की सीताफळ, थंडीत बोरं आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. फळ घरी आलं की त्याचं छोटं चित्र काढून त्या महिन्यात लावायचं. झाडाचंही तसंच, पण एकच झाड निवडा, रोजच्या वाटेवरचं. विक्रोळीच्या आसपास पूर्व द्रुतगती मार्गाला लागून राहणाऱ्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेली गुलाबी टॅबेबुया सहज दिसते. बाकीच्यांना मेमधला गुलमोहर कुठेही सापडेल.

८. कळलंय की पाठ झालंय, हे कसं ओळखायचं

‘वार म्हणून दाखव’ ही परीक्षा नाही. असे प्रश्न विचारा:

- ‘आज मासे का नाहीत?’ उत्तरात वार आला तर खूण बसली.
- ‘शुक्रवारनंतर काय?’ मूल मनात सोमवारपासून म्हणत शुक्रवारपर्यंत आलं, तरी चालेल. ही मधली पायरी आहे. थेट ‘शनिवार’ यायला आणखी काही महिने जातात.
- ‘छत्री कपाटात कधी ठेवायची?’ महिना नाही सांगितला, ‘पाऊस संपला की’ म्हटलं, तरी ऋतू कळला आहे.

‘गुरुवारच्या आधी कोणता?’ हा प्रश्न फार अवघड आहे, कारण ओळ उलटी म्हणावी लागते. सहाव्या वर्षाच्या आधी तो विचारूच नका. पाहुण्यांसमोर तर नकोच.

एखाद्या वाराशी मूल दर वेळी अडखळत असेल तर त्या वाराची खूण तपासा. ती कच्ची असते, किंवा दोन वारांच्या खुणा सारख्या असतात. बुधवारी आणि शुक्रवारी दोन्हीकडे मासा काढला असेल तर गोंधळ होणारच. मासा एकाच चौकटीवर ठेवा.

९. इंग्रजी नावं आणि पुस्तकातले सहा ऋतू

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर शाळेत मंडे-ट्यूजडे सुरू झालेलं असतं. एकाच चौकटीत दोन लिप्या भरू नका. मराठी नाव पट्टीवर ठेवा आणि त्याच रंगाच्या सात सुट्या कार्डांवर इंग्रजी नावं लिहून पट्टीखाली एका पाकिटात टांगा. मराठी वार पक्के झाले की मुलाने रोज चिमट्याबरोबर आजचं इंग्रजी कार्डही लावायचं. रंग तोच असल्याने जोडी पटकन जमते.

सहा ऋतू शाळेच्या पुस्तकात येतील तेव्हा एक पेच समोर येईल. पुस्तकात ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म आणि श्रावण-भाद्रपद म्हणजे वर्षा. पण मुंबईत आषाढात पाणी तुंबलेलं असतं, आणि टिकल्या लावत आलेलं मूल हे बरोबर हेरतं. तेव्हा चाकाभोवती आणखी एक सुटं कडं करा: मराठी महिने आणि वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर असलेलं, थोडं फिरवता येईल असं. मराठी महिने इंग्रजी महिन्यांवर दरवर्षी तंतोतंत बसत नाहीत, म्हणून ते चिकटवायचं नाही. आतल्या तीन रंगांना ‘आपल्या खिडकीतले’ आणि बाहेरच्या सहांना ‘पंचांगातले’ म्हणा. सात-आठ वर्षांच्या मुलाला दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात हे समजतं, आणि पेपरात कुठले लिहायचे हेही.